सोसायटीच्या नोटीसचा फोटो आणि घरातलं पाण्याचं गणित

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या बऱ्याच जणी आता गावातच राहत नाहीत. कुणी मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला खोली घेतली, कुणाच्या मुलाने शहरात हप्त्याने फ्लॅट घेतला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला चार महिने सोसायटीत जाऊन राहते. गावात विहीर, हातपंप, नळाची पाळी हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. सोसायटीत मात्र जिन्याखालच्या फळ्यावर एक कागद लागतो, कुणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढून टाकतं, आणि त्यावरून आपण आपलं ठरवायचं असतं. फोटो सगळ्या जणी बघतात. पण त्यावरून घरात नेमके किती हंडे, किती बादल्या भरून ठेवायच्या, हे फार थोड्या जणी मोजतात.

आपल्या एका गटातली ताई तालुक्याच्या गावी सोसायटीत राहते. घरात ती, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, अशी पाच माणसं. ती रोज दहा जणांचे डबे करते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या सोसायटीत नोटीस लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिची फजिती झाली. नंतर आम्ही दोघींनी वही घेऊन बसून तिचा हिशोब नीट लावला. तोच हिशोब इथे देते आहे, म्हणजे आपापल्या घराचा लावता येईल.

नोटीस काय सांगत होती

फोटोतल्या कागदावर साधारण असा मजकूर होता : "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोमवारपासून पुढील सूचना मिळेपर्यंत रोज ११ ते ५ व रात्री १० ते सकाळी ६ पाणी बंद राहील. गुरुवारी दिवसभर पाणी बंद राहील. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल. सभासदांनी सहकार्य करावे."

ताईने वाचलं आणि मनाशी ठरवलं, गुरुवारी पाणी नाही, म्हणजे एका दिवसाचं भरून ठेवू, शुक्रवारी सकाळी तर येणारच आहे. बुधवारी रात्री तिने ड्रम भरला, बादल्या भरल्या. गुरुवार निभावला. शुक्रवारी सहा वाजता नळ सोडला तर नुसती हवा. साडेदहाला नळ दोन-चार वेळा खोकला, थोडं गढूळ पाणी आलं आणि अकराला बंद झालं. त्या दिवशी डबे गेले नाहीत. जारचं पाणी विकत आणून घरचा स्वयंपाक उरकला. संध्याकाळी कळलं की सासूबाईंनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. संडासाला जावं लागेल, पाणी लागेल, सुनेची ओढाताण होईल, म्हणून. दोन दिवसांनी त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली आणि दवाखाना करावा लागला.

पाण्याची तूट घरात अशीच निघते. आधी घरातली बाई किंवा म्हातारं माणूस आपलं पाणी गुपचूप कमी करतं. म्हणून हा हिशोब कागदावर झाला पाहिजे.

फोटो वाचताना होणाऱ्या चुका

नोटीस हाताने लिहिलेली असली तर आकडे आधी तपासा. मराठी १ आणि ९ घाईत लिहिले की सारखेच दिसतात. मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. कुणी मराठी आकडा लिहितं, कुणी इंग्रजी, आणि कधी एकाच कागदावर दोन्ही असतात. शंका आली तर फोटो मोठा करून बघा, आणि तरीही खात्री नसेल तर वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारा. एका आकड्याने चार-सहा तासांचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट, "११ ते ५" म्हणजे दिवसाचे की रात्रीचे, हे लिहिलेलं नसतं. या नोटीसमध्ये रात्रीचं वेगळं दिलं होतं, म्हणून ११ ते ५ दिवसाचे हे कळलं. "बुधवारी रात्री १२ पासून" असं असेल तर फारच गोंधळ होतो. बुधवार उजाडतानाचे बारा की बुधवार संपतानाचे बारा? कधी कधी पूर्ण एका दिवसाची चूक होते. असं असलं की सरळ विचारायचं, "बुधवारी संध्याकाळी नळाला पाणी असेल की नसेल?" उत्तर हो किंवा नाही असंच मिळतं.

तिसरी, फोटोत पूर्ण कागद आहे का बघा. वरची तारीख आणि खालची सही कापली गेली असेल तर ती नोटीस जुनीही असू शकते. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला पाठवताना मागच्या महिन्याचा फोटो फिरत राहतो. कागदावर विंगचं नाव असेल तर आपलीच विंग आहे ना, तेही बघा. स्वतः फोटो काढत असाल तर सरळ समोर उभं राहून चारही कोपरे येतील असा काढा, आणि काचेवर दिव्याची चमक येऊ देऊ नका.

आणि चौथी, नगरपालिकेचं पाणी बंद आहे की सोसायटी नळ बंद करणार आहे, हे विचारून घ्या. बहुतेक सोसायट्यांत पालिकेचं पाणी आधी जमिनीतल्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग घरोघरी उतरतं. पालिकेने बंद केलं तरी टाकीत आहे तोवर घरात पाणी येत राहतं, पण ते कधी संपेल याचा नेम नसतो. सोसायटीने चावी बंद केली तर मात्र ठरल्या मिनिटाला थांबतं. टाकीत उरलेल्या पाण्यावर हिशोब धरू नका. आलं तर फायदा समजा.

बंद तासांवरून चालू तास काढा

नोटीसमध्ये बंदचे तास असतात. आपल्याला हवे असतात चालूचे तास. म्हणून वहीत उलटं लिहून काढायचं. ताईच्या नोटीसवरून असं निघालं : रोज सकाळी ६ ते ११ चालू, संध्याकाळी ५ ते १० चालू. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी सकाळी उशिरा, संध्याकाळी ५ ते १० चालू.

आता एका चालू वेळेच्या शेवटापासून पुढच्या चालू वेळेच्या सुरुवातीपर्यंत किती तास जातात ते मोजा. रोजच्या दिवशी दुपारचे सहा तास आणि रात्रीचे आठ तास कोरडे जातात. त्याला फारसं काही लागत नाही. सगळा प्रश्न गुरुवारचा. बुधवारी रात्री १० ला पाणी गेलं. ताईने धरलं होतं की शुक्रवारी सकाळी ६ ला येईल, म्हणजे ३२ तास.

पण "शुक्रवारी सकाळी उशिरा" हे शब्द पुन्हा वाचा. रोजचं सकाळचं पाणी ११ ला बंद होतं. सकाळचं पाणी उशिरा म्हणजे ११ च्या पुढे गेलं, तर ती सकाळची पाळीच बुडते. मग पाणी थेट संध्याकाळी ५ ला. बुधवारी रात्री १० पासून शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत मोजलं की ४३ तास होतात. नोटीसमध्ये एकच दिवस बंद म्हटलंय, पण तयारी पावणेदोन दिवसांच्या वर करावी लागते.

पाणी साठवायचं ते या सगळ्यात लांब कोरड्या वेळेसाठी. रोजची सरासरी काढून उपयोग नाही. "उशिरा" लिहिलेलं असलं की ती पाळी आली नाही असंच धरायचं.

घरात पाणी नेमकं कुठे जातं

आता दुसरी बाजू. त्यासाठी आधी आपली भांडी मोजून घ्या. दुकानात बादली १५ लिटरची म्हणून घेतली तरी काठोकाठ भरून कुणी नेत नाही. एक लिटरची बाटली घ्या, बादलीत आपण नेहमी भरतो तितकं पाणी बाटलीने ओता आणि मोजा. हंडाही तसाच मोजा. एकदा मोजलं की कायमचं काम झालं.

मग एक दिवस प्रत्येक कामाला किती बादल्या, किती तांबे लागले याच्या रेघोट्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारा. ताईच्या घरात काटकसरीच्या दिवशी पाच माणसांचा आकडा असा निघाला :

- पिणं आणि घरचा स्वयंपाक : २५ लिटर
- डब्यांचा स्वयंपाक आणि त्याची भांडी : ३० लिटर
- घरची भांडी : ३० लिटर
- आंघोळ, प्रत्येकी एक बादली : ७५ लिटर
- संडास, बादली-मग वापरून : १०० लिटर
- हात-पाय, तोंड धुणं : २५ लिटर
- फरशी पुसणं : १० लिटर

एकूण २९५ लिटर. डब्यांचं ३० वजा केलं तर घरचं २६५, म्हणजे माणशी ५३ लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे ताईचा आकडा ताणूनही नाही आणि उधळूनही नाही. तुमचा आकडा यापेक्षा फारच कमी आला तर मोजताना काहीतरी राहिलं असेल. बहुतेक वेळा संडासचं पाणी राहतं.

कपडे यात धरलेले नाहीत. पाणी नसलेल्या दिवशी कपडे धुवायचेच नाहीत. फ्लशही वापरायचा नाही. जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका दट्ट्याला दहा लिटरपर्यंत पाणी जातं. बादलीने पाच लिटरमध्ये काम होतं.

आता ४३ तासांना लागतं किती? २९५ ला ४३ ने गुणत बसू नका, कारण रात्री पाणी फारसं लागत नाही. वेळेचे तुकडे पाडा. बुधवारची रात्र २० लिटर. गुरुवारचा दिवस २७५ लिटर. गुरुवारची रात्र २० लिटर. शुक्रवारी सकाळपासून पाच वाजेपर्यंत आंघोळी, संडास, स्वयंपाक, डबे आणि थोडी भांडी मिळून २०० लिटर. बेरीज ५१५. कुणी पाहुणा येतो, मुलाचं पोट बिघडतं, बादली लवंडते, म्हणून दहा लिटरमागे एक लिटर जास्त धरा. साधारण ५० वाढवले की ५६५ लिटर.

घरात आहे किती, कमी पडतं किती

ताईच्या घरात २०० लिटरचा एक ड्रम होता. पण ड्रममधलं तळाचं पाणी मगाने निघत नाही आणि तिथे गाळही बसतो, म्हणून कामाला येणारं १९० धरा. बाथरूममधली प्लास्टिकची टाकी १०० लिटर. चार बादल्या ६० लिटर. दोन हंडे २४ लिटर. तोटी लावलेलं पिण्याच्या पाण्याचं पिंप २० लिटर. एकूण ३९४. लागतात ५६५. म्हणजे १७१ लिटर कमी.

पहिल्या फजितीनंतर ताई ५०० लिटरची टाकी उसनवारी करून आणणार होती. तिला मी म्हटलं, आधी खर्चाच्या बाजूने बघू. आणि बघितलं तर असं निघालं.

गुरुवारच्या सकाळच्या आंघोळी बुधवारी रात्री नळाला पाणी असतानाच उरकायच्या. मुलं थोडी कुरकुरली, पण ७५ लिटर वाचले. शुक्रवारची आंघोळ तशीच ठेवली.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता नळ आला की कपडे धुवायचे आणि शेवटच्या खळबळीचं पाणी ओतून न देता दोन टबांत धरायचं. हे ४० लिटर संडासला. पहिलं साबणाचं पाणी नको, त्याला वास लवकर येतो. खळबळीचं पाणीही दुसऱ्या दिवशीच संपवायचं.

तांदूळ-भाजी धुतलेलं आणि भांडी विसळलेलं शेवटचं पाणी सिंकखाली बादलीत धरायचं. रोज २० लिटर निघतं, दोन दिवसांत ४०. हेही संडासला.

७५, ४० आणि ४० मिळून १५५. राहिले १६ लिटर. ते घरात पडलेल्या गोड्या तेलाच्या २० लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये बसले. गरम पाणी आणि साबणाने तो आधी नीट धुऊन घेतला. टाकीचा खर्च टळला.

तुमच्या घरात असंच जमेल असं नाही. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर धुणं टाळता येत नाही. त्याला रोजचे दोन बादल्या वेगळे धरा. अशा घराला दुसरा ड्रम घ्यावाच लागेल. पण तो घ्यायचा ते आकडा बघून.

ड्रम कसला आणि कुठे

बाजारात वापरलेले निळे ड्रम स्वस्त मिळतात. त्यात आधी काय होतं हे विक्रेता सांगेलच असं नाही. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी प्यायच्या, स्वयंपाकाच्या पाण्याला चालत नाही. प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही. खात्री नसेल तर नवाच घ्या.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. २०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटल धान्याचं वजन एका जागी. तो गॅलरीच्या कठड्याकडे ठेवू नका, माळ्यावर तर नाहीच. घराच्या आत, भिंतीला लागून ठेवा. दोन ड्रम असतील तर शेजारी-शेजारी न ठेवता वेगवेगळ्या भिंतींना ठेवा. लहान मूल रांगत, चालत असेल तर बादली आणि टबही झाकलेले हवेत. थोड्या पाण्यातही लेकरू उलटं पडून गुदमरतं.

बुधवारची संध्याकाळ कशी लावायची

सोसायटीत रात्री नऊ वाजता सगळ्याच जणींना आठवतं की उद्या पाणी नाही. सगळे नळ एकदम सुटतात आणि गच्चीवरची टाकी दहाच्या आधीच रिकामी होते. म्हणून शेवटच्या तासावर काही ठेवू नका.

आपल्या नळाला बादली भरायला किती वेळ लागतो तो मोजा. ताईच्या नळाला १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरत होती, म्हणजे मिनिटाला १० लिटर. ४०० लिटर भरायला ४० मिनिटं लागली. पण कमी दाबाने तीच बादली चार मिनिटं घेते, आणि मग तेवढ्याच पाण्याला पावणेदोन तासांच्या वर जातात. ड्रम रोज थोडा वापरून रोज भरत ठेवला तर बुधवारी वरचा भागच भरावा लागतो.

क्रम असा ठेवला : पाच वाजता आधी पिण्याचं पिंप आणि हंडे, मग कपडे, मग ड्रम, मग आंघोळी, आणि शेवटी बादल्या. पिण्याचं आधी, म्हणजे टाकी लवकर संपली तरी पिण्याचं सुटत नाही. ज्या घरी पाणी शुद्ध करायचं मशीन आहे त्यांनीही मशीनचं पाणी बुधवारीच काढून ठेवावं. नळाला पाणी नसलं की ते चालत नाही. त्यातून बाजूला जाणारं पाणी नळीने बादलीत घ्या, ते फरशीला आणि संडासला चालतं.

घरात तीन प्रकारचं पाणी वेगळं ठेवा आणि सगळ्यांना दाखवून ठेवा : पिण्याचं, वापरायचं आणि संडासचं. ताईने संडासच्या टबाला लाल रिबीन बांधली. नाहीतर पोरं पिंपातलं पाणी पायावर घेतात. आणि सासूबाईंना त्यांचा भरलेला टब दाखवून सांगितलं, "आई, हे तुमचं. मोकळेपणाने वापरा आणि पाणी प्या." भरलेलं पाणी डोळ्यांसमोर दिसलं तेव्हाच त्या निवांत झाल्या.

पाणी परत येतं तेव्हा

रात्री झोपताना आणि घराबाहेर पडताना सगळे नळ बंद आहेत ना, हे हाताने फिरवून बघा. नळाला पाणी नसलं की तो उघडा राहिलेला कळत नाही. पाणी अवेळी आलं की घर भरतं आणि सोसायटीची टाकीही रिकामी होते.

पाणी परत आलं की पहिलं गढूळ येतं. रिकाम्या पाइपात पाणी जोरात शिरलं की आत बसलेला गाळ सुटतो. शिवाय पाइप रिकामा असताना कुठे चिर असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पहिलं पाणी संडासच्या बादलीत धरा, फेकू नका. स्वच्छ दिसायला लागलं की मग ड्रम भरा. तोवर मशीनचा आणि शुद्धीकरणाच्या मशीनचा नळ बंद ठेवा, गाळाने त्यांची जाळी बसते. गिझर तर पाणी नीट येऊ लागेपर्यंत चालू करूच नका. आत पाणी नसताना तो जळतो.

गढूळ वाटलं तर तुरटी फिरवून पाणी निवू द्या आणि वरचं पाणी कापडातून गाळून घ्या. पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाण्याची बंदी उठल्यावरचे पहिले एक-दोन दिवस पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. खळखळून उकळी आली की एक मिनिट तसंच ठेवा. मेडिक्लोर वापरत असाल तर बाटलीवर लिहिलं आहे तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबूनच प्या.

आठवड्यातून एकदा कोरडं

साठवलेल्या पाण्याचा मोठा धोका डेंग्यूचा. डेंग्यूचा डास गटारात नाही, आपल्या स्वच्छ ड्रममध्ये अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ड्रम पूर्ण रिकामा करायचा. ताईच्या नोटीसप्रमाणे हे काम शुक्रवारी संध्याकाळी आपोआप जमतं. ४३ तासांनंतर ड्रम तळाला गेलेलाच असतो. नुसता रिकामा करून भागत नाही, अंडी आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. पाण्याच्या रेषेवर काथ्याने किंवा ब्रशने घासून काढा, धुवा, आणि मग नवीन पाणी भरा. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी करून दोरीने आवळून बांधा. पाण्यात बारीक वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते पाणी गटारात नाही, कोरड्या मातीवर ओता. मातीत त्या मरतात.

वहीत उतरवून घ्या

पुढच्या बैठकीला येताना आपल्या घराच्या या पाच ओळी वहीत लिहून आणा :

- पाणी चालू असण्याचे तास, वारानुसार
- सगळ्यात लांब कोरडी वेळ, तासांत
- तेवढ्या वेळेला लागणारं पाणी, लिटरमध्ये
- घरातल्या भांड्यांत मावणारं पाणी, लिटरमध्ये
- कमी पडणारं किती, आणि ते कशातून भरून काढणार

सोसायटीत राहत नसाल तरी हे लागू पडतं. आपल्या गावात पाणी दिवसाआड येतं, वीज गेली की तेही पुढे जातं. तिथेही बुडणारी पाळी धरूनच मोजायचं. फक्त नोटीस नसते, पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारून वेळ लिहून घ्यावी लागते.

ताईच्या सोसायटीत नोटीस दोन महिने राहिली. दुसऱ्या आठवड्यापासून तिचे डबे एकही दिवस चुकले नाहीत. एका शुक्रवारी पाणी पाचलाही आलं नाही, साडेसातला आलं. तेव्हा त्या जास्तीच्या ५० लिटरांनी तिला तारलं.